बाटलीखालचं प्रतिबिंब: ठेवायचं की पुसायचं?

या लेखासाठी एकच फोटो घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहू. तपकिरी काचेची सीरमची छोटी बाटली आहे, वर काळं ड्रॉपरचं झाकण, पुढे पांढरं लेबल. बाटली पांढऱ्या चकचकीत अॅक्रिलिक शीटवर उभी आहे आणि तिच्याखाली तीच बाटली उलटी दिसते आहे. लेबलापर्यंत स्पष्ट, त्याखाली विरत गेलेली. क्लायंटला या एका फोटोतून दोन चित्रं हवी आहेत: एक ऑनलाइन बाजारातल्या लिस्टिंगसाठी, दुसरं स्वतःच्या वेबसाइटच्या बॅनरसाठी. प्रतिबिंबाबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नाही. बहुतेक क्लायंट सांगत नाहीत, म्हणून निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

नवीन काम करणारे इथे सहसा लगेच मास्क करायला, म्हणजे नको तो भाग झाकून टाकायला घेतात. मी आधी प्रतिबिंब नीट बघून घेते, कारण पुसायचं की नाही याचं अर्धं उत्तर त्यातच असतं.

आधी प्रतिबिंब वाचा

टेबलातलं प्रतिबिंब म्हणजे वस्तूची उलटी प्रत नव्हे. टेबलाच्या खाली, वस्तू जितकी वर तितक्याच खोलीवर, दुसरी वस्तू उलटी टांगली आहे आणि कॅमेरा वरून तिच्याकडे बघतो आहे, अशी कल्पना करा. म्हणजे खऱ्या बाटलीकडे कॅमेरा एका कोनातून बघतो आणि प्रतिबिंबातल्या बाटलीकडे वेगळ्या, जास्त तिरक्या कोनातून.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर लेबलाची खालची कड बघा. कॅमेरा त्या कडेपेक्षा वर होता, म्हणून ती कड किंचित खाली झुकलेली दिसते, हसऱ्या ओठांसारखी. आता प्रतिबिंबात तीच कड शोधा. तीही खालीच झुकलेली आहे, उलट थोडी जास्तच, कारण प्रतिबिंबातली कड कॅमेऱ्याच्या नजरेपासून आणखी खाली आहे. बाटलीची प्रत घेऊन नुसती उभी उलटी केली असती तर ती कड वर वळली असती, रडक्या ओठांसारखी. खरं प्रतिबिंब आणि नंतर चिकटवलेलं प्रतिबिंब ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही. कुणी दिलेल्या फोटोत आधीच नकली प्रतिबिंब असेल आणि वक्ररेषा उलट्या वळलेल्या असतील, तर पुढचा विचार करायची गरजच नाही. ते पुसा.

दुसरी गोष्ट ताकदीची. काच किंवा अॅक्रिलिकसारखा गुळगुळीत पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो हे बघण्याच्या कोनावर अवलंबून असतं. सरळ वरून बघितलं तर सुमारे ४ टक्के. कॅमेरा टेबलापासून ३० अंश वर असेल तर सुमारे ९ टक्के. कॅमेरा खाली आणून फक्त १० अंशांवर ठेवला तर जवळपास ३९ टक्के. म्हणून खालून घेतलेल्या फोटोत प्रतिबिंब ठसठशीत असतं आणि वरून घेतलेल्या फोटोत ते जेमतेम जाणवतं. फ्रेममध्ये खाली जाल तसं टेबल कॅमेऱ्याच्या जवळ येतं आणि कोन वाढतो, म्हणून प्रतिबिंब खालच्या टोकाला आपोआप फिकट होतं. आपल्या बाटलीचं प्रतिबिंब लेबलाखाली विरलं आहे त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे प्रतिबिंब कॅमेऱ्यापासून किंचित जास्त अंतरावर असतं, त्यामुळे ते थोडं फोकसबाहेर जातं.

शीट कोणतं होतं तेही विचारा. काळ्या अॅक्रिलिकवर फक्त वरच्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब दिसतं, एकेरी आणि स्वच्छ. पांढऱ्या शीटचा स्वतःचा उजेड प्रतिबिंबात मिसळतो, त्यामुळे ते कधीच वस्तूइतकं गडद होत नाही. साधा आरसा वापरला असेल तर एक प्रतिबिंब काचेच्या वरच्या पृष्ठभागाचं आणि दुसरं मागच्या थराचं, अशी दोन दिसतात. त्यांच्यात काचेच्या जाडीमुळे फट पडते आणि वस्तू हवेत तरंगल्यासारखी वाटते. असं दुहेरी प्रतिबिंब मी ठेवत नाही. ते सुधारण्यात जितका वेळ जातो त्यापेक्षा कमी वेळात पुसून होतं.

मग चित्र कुठे जाणार ते बघा

लिस्टिंगच्या मुख्य चित्राचं उत्तर साध्या हिशेबात मिळतं. अॅमेझॉनसारख्या बाजारात मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, आणि वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापायचा असतो. २००० पिक्सेलच्या चौकोनी चित्रात बाटलीची उंची ८५ टक्के धरली तर १७०० पिक्सेल. उरले ३००, म्हणजे वर १५० आणि खाली १५०. प्रतिबिंबाला जागा फक्त १५० पिक्सेल, बाटलीच्या उंचीच्या नवव्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्यात बूड आणि लेबलाची एखादी कड दिसेल आणि चित्र कापल्यासारखं संपेल.

उलट बाजूने बघू. प्रतिबिंब बाटलीच्या ४० टक्के उंचीपर्यंत दाखवायचं आहे आणि वर-खाली शंभर-शंभर पिक्सेल मोकळे सोडायचे आहेत असं धरा. तर बाटली जेमतेम १२८६ पिक्सेलची होते, म्हणजे फ्रेमच्या ६४ टक्के. मोबाइलवर अंगठ्याएवढ्या चित्रात ती शेजारच्या बाटल्यांपेक्षा लहान दिसणार. म्हणून लिस्टिंगच्या मुख्य चित्रातून प्रतिबिंब काढायचं, हे माझ्यासाठी पक्कं आहे.

बॅनरवर असं बंधन नाही. तिथे जागा आहे, पार्श्वभूमी आपली आहे, आणि प्रतिबिंबामुळे बाटली कशावर तरी उभी आहे हे लगेच कळतं. तिथे निर्णय प्रतिबिंबाच्या दर्जावर घ्यायचा. मी तीन गोष्टी तपासते. प्रतिबिंबात नको ते दिसतंय का, म्हणजे सॉफ्टबॉक्सची कड, स्टँडचा पाय, बुडाला चिकटलेलं स्टिकर? उलटी अक्षरं इतकी स्पष्ट आहेत का की डोळा खऱ्या लेबलाऐवजी तिकडे जातो? आणि बाटलीचं बूड व त्याचं प्रतिबिंब यांच्यातली सीमा ओळखू येते का, की दोन्ही मिळून एकच लांबलचक तपकिरी आकार होतो? तिसरा दोष सगळ्यात वाईट. त्यात वस्तूचा आकारच चुकीचा वाटतो. गडद काचेच्या बाटल्यांमध्ये तो हमखास आढळतो.

आपल्या बाटलीचं प्रतिबिंब स्वच्छ आहे, फक्त अक्षरं थोडी जास्त स्पष्ट आहेत. म्हणून निर्णय असा: लिस्टिंगमध्ये पुसायचं, बॅनरवर ठेवायचं पण मंद करायचं.

टेकण्याची रेष शोधा

पुसण्याच्या कामात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बाटली कुठे संपते आणि प्रतिबिंब कुठे सुरू होतं? बाटलीचं बूड गोलसर असतं, त्याची कड आत वळते. खाली प्रतिबिंबाची कडही तशीच आत वळलेली. दोन्हींच्या मध्ये एक बारीक गडद रेघ असते आणि १०० टक्क्यांपेक्षा कमी झूमवर ती दिसतच नाही. रेघेच्या खाली कापलं तर बाटलीला दोन बुडं येतात, वर कापलं तर बूड सपाट, सुरीने छाटल्यासारखं दिसतं.

यासाठी एक मोजमाप उपयोगी पडतं. फोटो २०० टक्के झूम करा आणि बाटलीच्या बरोबर मधल्या उभ्या रेषेवर या. लेबलाची खालची कड कोणत्या पिक्सेल ओळीवर आहे ते बघा. आमच्या मूळ फोटोत ती २३१० वर होती. मग त्याच उभ्या रेषेवर प्रतिबिंबातली तीच कड शोधा. ती २४९४ वर होती. दोघांचा मध्य २४०२. कॅमेरा फार झुकलेला नसेल तर टेकण्याची रेष याच्या आसपासच असते.

आसपास म्हणते, कारण दोन गोष्टी तिला थोडं सरकवतात. बाटली जिथे प्रत्यक्ष टेबलाला टेकते ती जागा लेबलापेक्षा आत, म्हणजे कॅमेऱ्यापासून किंचित लांब असते, आणि लांबची गोष्ट फ्रेममध्ये वर दिसते. शिवाय बुडाचा फुगीर भाग टेकण्याच्या जागेला थोडं झाकतो. म्हणून खरी कड मध्यापेक्षा काही पिक्सेल वर मिळते. मी शेवटी २३९६ वर रेष धरली. मोजमापाने शोधायची जागा पंधरा-वीस पिक्सेलांच्या पट्ट्यापुरती उरते, त्यातली नेमकी कड मात्र डोळ्यांनीच ठरवावी लागते. खात्री वाटत नसेल तर वक्रता बघा. बुडाची कड आणि लेबलाची कड एकाच दिशेला झुकलेल्या असतात, आणि बुडाची थोडी जास्त झुकलेली असते. तुमची रेष लेबलापेक्षा सपाट येत असेल तर ती चुकली आहे.

लिस्टिंगसाठी पुसणं

पेन टूलने बाटलीची पूर्ण कड आखा. बुडाच्या वळणावर बिंदू कमी ठेवा, दोन कोपऱ्यांना दोन आणि मध्ये एक पुरतो. जास्त बिंदू घातले की कड लहरी होते. पाथची सिलेक्शन करा, फेदर अर्धा ते एक पिक्सेल द्या आणि लेयर मास्क लावा. इरेझर वापरू नका. बॅनरसाठी हेच प्रतिबिंब अजून लागणार आहे.

बुडाचा शेवटचा थोडासा पट्टा हलकासा उजळ असेल. तो टेबलावरून उसळलेला प्रकाश आहे. काही जण त्याला प्रतिबिंबाचा उरलेला अंश समजून तिथपर्यंत मास्क वर नेतात. तसं करू नका, तो पट्टा काचेचा आहे. तो गेला की काच काच वाटत नाही.

मास्क झाला की बाटली लगेच हवेत लटकते. प्रतिबिंबाबरोबर टेकल्याची खूणही गेलेली असते. चकचकीत पृष्ठभागावर मुळात सावली फिकी पडते आणि वस्तू टेकल्याचं काम प्रतिबिंबच करत असतं. म्हणून ते काढलं की बदल्यात सावली द्यावी लागते. मी दोन लेयर वापरते. पहिला अरुंद आणि गडद: बुडाच्या रुंदीपेक्षा किंचित कमी रुंदीचा चपटा लंबगोल, २००० पिक्सेलच्या चित्रात ३ ते ४ पिक्सेलचा गॉशियन ब्लर, ओपॅसिटी साधारण ६० टक्के. दुसरा रुंद आणि पुसट: ब्लर २५ ते ३० पिक्सेल, ओपॅसिटी १५ ते २० टक्के. तो मुख्य उजेडाच्या विरुद्ध बाजूला थोडा सरकवलेला. दोन्ही बाटलीच्या लेयरखाली, मल्टिप्लाय मोडमध्ये. रंग शुद्ध काळा घेऊ नका. तपकिरी काचेतून आलेला प्रकाश सावलीत थोडा उबदार असतो, म्हणून गडद तपकिरीकडे झुकलेला रंग घ्या. लिस्टिंगच्या चित्रात पुसट लेयर आखूडच ठेवा, कडेपर्यंत जाऊ देऊ नका.

यानंतरची तपासणी कधीही टाळू नका. सगळ्यात वर एक तात्पुरता लेव्हल्सचा लेयर घाला आणि काळ्या बाजूची इनपुट किंमत २४० वर आणा. पडद्यावर जे शुद्ध पांढरं वाटत होतं त्यात २५४, २५० असे जे काही राखाडी डाग असतील ते आता उघड गडद दिसतील. बहुतेक वेळा प्रतिबिंबाचा एखादा लांब, फाटका तुकडा खाली राहिलेला असतो. सुरुवातीच्या काळात मी मास्क न करता फक्त पांढरा रंग उजळवून प्रतिबिंब घालवायची. माझ्या पडद्यावर ते जायचं. एकदा क्लायंटने स्वतःच्या पडद्यावरून फोन करून विचारलं, बाटलीखाली कसला डाग आहे? अर्धवट गेलेलं प्रतिबिंब पूर्ण प्रतिबिंबापेक्षा वाईट दिसतं, कारण ते मळ वाटतं. तेव्हापासून हा लेव्हल्सचा लेयर माझ्या प्रत्येक फाइलमध्ये असतो. फाइल देण्याआधी तो बंद करायचा, एवढंच लक्षात ठेवा.

बॅनरसाठी ठेवणं

इथे काम कमी आहे. बाटली आणि प्रतिबिंब दोन वेगळ्या लेयरवर घ्या, त्याच पाथने. प्रतिबिंबाच्या लेयरला मास्क लावून त्यात ग्रेडियंट टाका: टेकण्याच्या रेषेपाशी पूर्ण, आणि बाटलीच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत शून्य. अक्षरं अजूनही वाचता येत असतील तर लेयरची ओपॅसिटी ६० ते ७० टक्क्यांवर आणा आणि हलका ब्लर द्या, दीड-दोन पिक्सेल पुरतात. टेकण्याच्या रेषेपाशी मात्र ब्लर मास्क करून काढा, कारण खऱ्या प्रतिबिंबातही तिथेच सगळ्यात जास्त धार असते. रेषेलगतचं प्रतिबिंब धूसर झालं की बाटली पुन्हा टेबलापासून सुटते.

प्रतिबिंब आवडलं नाही म्हणून ते काढून बाटलीची उलटी प्रत लावू नका. चपट्या खोक्याचा समोरचा चेहरा अगदी सरळ, कॅमेरा न झुकवता घेतला असेल तर उलटी प्रत बरोबर बसते. गोल बाटलीला नाही. बुडाची कड खाली झुकलेली आणि प्रतीची वर झुकलेली, त्यामुळे मध्ये फक्त एका बिंदूवर स्पर्श होतो आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या पाचरी उघड्या पडतात. ती प्रत वाकवून बसवता येते, पण वरची वक्ररेषा सावरली की खालची बिघडते.

पुसू नये अशा वस्तू

काही वस्तूंमध्ये टेबल फक्त खाली नसतं, वस्तूच्या अंगातही असतं. पॉलिश केलेल्या स्टीलच्या भांड्याच्या पोटात टेबल दिसतं, आणि त्या टेबलात भांड्याचं प्रतिबिंबही दिसतं. मी एका किटलीचं प्रतिबिंब फार नीट पुसलं होतं. सावली छान, पार्श्वभूमी स्वच्छ. पण किटलीच्या पोटात खाली टेबलाची आडवी कड आणि उलट्या नळीचा आकार तसाच होता. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता आलं नाही, पण ‘हे कापून चिकटवलंय’ हे त्याने लगेच ओळखलं. पोटातलं टेबल पुसायचं म्हणजे धातूचा तो भाग नव्याने रंगवणं, आणि तो जमला तरी धातू सपाट दिसू लागतो.

पारदर्शक काचेच्या जाड बुडाचंही तेच. बुडातून टेबल वाकडंतिकडं दिसत असतं. खालचं प्रतिबिंब काढलं तरी बुडाच्या आत त्याचे तुकडे राहतात. आपली तपकिरी बाटली गडद असल्यामुळे वाचली. पारदर्शक काचेची असती तर मी लिस्टिंगसाठी पुन्हा फोटो मागितला असता.

ते मागणं फार मोठं नाही, आणि फोटो तुम्हीच काढत असाल तर आधीच करून ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच ठेवायचा, उजेड तसाच. चकचकीत शीटवरचा फोटो झाला की बाटली उचलून शीटवर मॅट पांढरा कागद पसरायचा, बाटली त्याच जागी ठेवायची, दुसरा फोटो घ्यायचा. पहिल्यात प्रतिबिंब, दुसऱ्यात खरी सावली. लिस्टिंगसाठी दुसरा, बॅनरसाठी पहिला. नकली सावली रंगवायची गरजच उरत नाही, आणि किटलीच्या पोटातही कागदच दिसतो.

पोलरायझर फिल्टरने प्रतिबिंब जागेवरच घालवता येईल का, हे नवीन लोक हमखास विचारतात. कॅमेरा टेबलापासून साधारण ३४ अंश वर असेल तर फिल्टर फिरवून अॅक्रिलिकवरचं प्रतिबिंब जवळपास पूर्ण घालवता येतं. कॅमेरा १० अंशांवर असेल तर ते कमी होतं, जात नाही. म्हणजे प्रतिबिंबाचा त्रास जिथे सर्वांत जास्त, तिथेच फिल्टर अपुरा पडतो. शिवाय काचेवरच्या ज्या चकाकीमुळे बाटली काचेची वाटते, तिचाही काही भाग तो खातो. आरशावर तर त्याचा उपयोग नाहीच, कारण आरशाचा मागचा थर धातूचा असतो आणि धातूचं प्रतिबिंब फिल्टर फिरवून जात नाही.

फाइल ठेवताना मी पाथ, प्रतिबिंबाचा लेयर, सावलीचे दोन लेयर आणि तपासणीचा लेव्हल्सचा लेयर हे सगळं एकाच फाइलमध्ये ठेवते, नको ते फक्त बंद करून. या बाटलीच्या वेळी क्लायंटने तीन आठवड्यांनी लिस्टिंगच्या दुसऱ्या चित्रासाठी प्रतिबिंब परत मागितलं. लेयर चालू केला, सावल्या बंद केल्या, आणि चित्र पाठवून दिलं.